नंबर सेव्ह न करता व्हॉट्सॲपवर निरोप कसा पाठवायचा?

प्रश्न : आमच्या घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद छापून घ्यायचा असला, की दुकानदार भिंतीवरच्या नंबरकडे बोट दाखवतात आणि ‘यावर पाठवा’ म्हणतात. मग मी आधी तो नंबर सेव्ह करते, व्हॉट्सॲप उघडते, यादीत ते नाव यायची वाट पाहते आणि मग फाइल पाठवते. असं करता करता माझ्या फोनमध्ये ‘झेरॉक्स’, ‘झेरॉक्स 2’, ‘झेरॉक्स स्टँडजवळ’ अशी नावं जमली आहेत. भाची म्हणते, ‘मावशी, लिंकने थेट चॅट उघडता येतं, सेव्ह कशाला करतेस?’ तिने सांगितलं तसं मी करून पाहिलं, पण ‘नंबर चुकीचा आहे’ असं आलं. नंबर तर भिंतीवरून बघून अंक न् अंक बरोबर लिहिला होता. माझं काय चुकलं? आणि असं केल्याने काही धोका तर नाही ना? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : तुमची भाची बरोबर सांगते आहे, आणि अंकही तुम्ही बरोबरच लिहिले असणार. चूक बहुधा एकाच ठिकाणी आहे. ती सांगतोच, पण त्याआधी नंबर सेव्ह करायची सवय आपल्याला लागली कशी, ते पाहू. तेवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

व्हॉट्सॲप 2009 साली सुरू झालं तेव्हा त्यात एक मोठी सोय होती. वेगळं सदस्यनाव घ्या, मित्र शोधा, त्यांना विनंती पाठवा, असं काहीच करावं लागत नव्हतं. ॲप तुमच्या फोनमधली नावांची यादी वाचायचं आणि त्यातले कोणकोण व्हॉट्सॲपवर आहेत ते शोधून समोर मांडायचं. तुम्ही फक्त नावावर बोट ठेवायचं. या सोयीमुळेच आपला एक समज झाला, की नाव यादीत असल्याशिवाय निरोप जातच नाही. प्रत्यक्षात नाव ही फक्त तुमच्या फोनवरची चिठ्ठी आहे. निरोप जातो तो नंबरावर. दुकानदाराचं नाव तुम्ही ‘झेरॉक्स 2’ ठेवलंत काय किंवा ठेवलंच नाहीत काय, व्हॉट्सॲपच्या लेखी त्यांचा पत्ता तोच राहतो.

तुमच्या भाचीने सांगितलेली लिंक म्हणजे हा पत्ता थेट लिहायची जागा. ती अशी असते :

```
https://wa.me/9198XXXXXXXX
```

कोणाचा खरा नंबर छापायचा नाही म्हणून इथे X टाकले आहेत. `wa.me` हा व्हॉट्सॲपचाच छोटा पत्ता आहे. (त्यातलं `.me` हे मॉन्टेनेग्रो या युरोपातल्या छोट्या देशाला मिळालेलं इंटरनेटवरचं चिन्ह. लिहायला सुटसुटीत, म्हणून जगभरातले लोक ते वापरतात.) तिरप्या रेषेनंतर येतो तो नंबर. आता तुमची अडचण कुठे झाली असेल ते पाहा. भिंतीवर नंबर दहा आकडी होता आणि वरच्या लिंकमध्ये मी बारा आकडे लिहिले आहेत. सुरुवातीचे 91 हे दोन आकडे तुमच्याकडून राहिले असणार.

हे दोन आकडे म्हणजे भारताचा संकेतांक. आपण भारतातून भारतात फोन लावतो तेव्हा ते लागत नाहीत, कारण आपण कुठून बोलतो आहोत हे टेलिफोन कंपनीला माहीत असतं. लिंकला ते माहीत नसतं. ती साताऱ्यातून उघडली काय किंवा शिकागोतून उघडली काय, तिला फक्त आकड्यांची ओळ दिसते आणि त्या ओळीतले पहिले आकडे ती देशाचे समजते. आता गंमत अशी, की आपल्याकडचे कितीतरी मोबाइल नंबर 98 ने सुरू होतात आणि 98 हा इराणचा संकेतांक आहे! तसाच 94 हा श्रीलंकेचा, 93 अफगाणिस्तानचा आणि 90 तुर्कस्तानचा. म्हणजे भिंतीवरचा नंबर 98 ने सुरू होत असेल, तर तुम्ही दहा आकडे लिहून पाठवलेत तेव्हा लिंकने सरळ मनाने इराणचा नंबर शोधायला घेतला. पहिले दोन आकडे देशाचे धरल्यावर उरले आठ. इराणमधल्या मोबाइल नंबरला 98 नंतर दहा आकडे लागतात. साहजिकच तो नंबर अपुरा ठरला आणि तुम्हाला तो चुकीचा असल्याचं सांगण्यात आलं. अंक सगळे बरोबर होते, देश चुकला होता.

संगणकावर हे केलं तर `Phone number shared via url is invalid` असं वाक्य येतं. हे वाक्य आलं, की नंबरची लांबी किंवा सुरुवात बिघडली आहे असं समजावं आणि आधी 91 आहे का ते पाहावं. दुसऱ्या प्रकारचं वाक्य ‘हा नंबर व्हॉट्सॲपवर नाही’ अशा अर्थाचं असतं. तिथे नंबरची घडण ठीक असते, पण त्या नंबरावर कोणी व्हॉट्सॲप घेतलेलं नसतं. अशा वेळी एखादा आकडा इकडचा तिकडे झाला आहे का ते तपासावं. तो बरोबर असेल तर सरळ साधा फोन लावावा.

आता तुमच्याच दुकानाचं उदाहरण घेऊन सुरुवातीपासून करून पाहू. मोबाइलवर जे ब्राउझर वापरता, म्हणजे क्रोम किंवा दुसरं कोणतंही, ते उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत `wa.me/91` लिहा आणि त्याला लागून, मध्ये जागा न सोडता, भिंतीवरचे दहा आकडे लिहा. आकडे इंग्रजी लिपीतले घ्या. मराठी कळफलक चालू असेल तर १, २, ३ असे उमटतात, म्हणून आधी तो बदलून घ्यावा. भिंतीवर नंबराच्या सुरुवातीला 0 लिहिलेला असेल तर तो सोडून द्या. तो देशातल्या देशात फोन लावताना वापरायचा शून्य आहे, पत्त्याचा भाग नाही. मधल्या आडव्या रेघा, कंस, मोकळ्या जागा आणि सुरुवातीचं अधिकचं चिन्ह हेही गाळायला व्हॉट्सॲपच्याच सूचनेत सांगितलं आहे. मग पुढे जायचं बटण दाबा. बहुतेक फोनवर व्हॉट्सॲप लगेच उघडतं आणि रिकामं चॅट समोर येतं. काही फोनवर मध्ये एक पान दिसतं आणि त्यावर `Continue to Chat` असं बटण असतं, ते दाबावं. फोनमध्ये साधं व्हॉट्सॲप आणि धंद्याचं व्हॉट्सॲप अशी दोन्ही ॲप असतील तर कशात उघडू, असं फोन विचारू शकतो. जो नंबर समोरच्याला दिसलेला चालेल, तो ज्यात आहे ते ॲप निवडावं.

चॅट उघडल्यावर फाइल जोडायची ती नेहमीसारखीच, पिनेच्या चिन्हावरून. इथे एक सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना वाटतं की लिंकमध्येच फाइल घालून पाठवता येईल. तसं होत नाही. लिंक दार उघडून देते आणि फार तर एखादं वाक्य आधीच लिहून ठेवते. फाइल, फोटो, आवाजाचा निरोप हे सगळं चॅट उघडल्यावर हाताने जोडावं लागतं.

पाठवण्यापूर्वी मात्र एक पायरी घ्याच, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. यादीतून नाव निवडताना चूक झाली तरी ती सहसा ओळखीच्या माणसापर्यंतच जाते. लिंकमध्ये एक आकडा चुकला तर कागद अनोळखी घरी जातो. आणि दोन बरोबरच्या खुणा दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नये. निरोप पोचला एवढंच त्या खुणा सांगतात, योग्य माणसाला पोचला असं सांगत नाहीत. म्हणून चॅट उघडल्यावर वरच्या नंबरावर बोट ठेवून फोटो किंवा दुकानाचं नाव दिसतं का ते पाहा. काही दिसलं नाही तर आधी एवढंच लिहा, ‘नमस्कार, झेरॉक्सचं दुकान ना? एक कागद छापायचा आहे.’ दुकानात उभ्याच असाल तर ‘माझा निरोप आला का?’ असं तोंडी विचारा. हो म्हटलं की मगच फाइल. विशेषतः आधार कार्ड असेल तर हे दोन मिनिटांचं काम टाळू नका. आधारच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत उतरवून घेता येते. जिथे तेवढ्यावर काम भागतं तिथे तीच पाठवावी.

आता तुमच्या धोक्याच्या प्रश्नाकडे येतो. यात दोन समज एकमेकांत गुंतलेले आहेत, ते वेगळे करू.

पहिला समज असा, की नंबर सेव्ह केला नाही म्हणजे आपलाही नंबर समोरच्याला कळत नाही. हा खोटा आहे. तुम्ही निरोप पाठवलात की तुमचा नंबर त्यांना दिसतोच, आणि व्हॉट्सॲपमध्ये तुम्ही स्वतःचं जे नाव लिहिलं आहे तेही दिसतं. लिंक हा काही बुरखा नाही. मात्र नुसती लिंक उघडून चॅट समोर आलं आणि तुम्ही काही न पाठवता परत फिरलात, तर समोरच्याच्या व्हॉट्सॲपवर काहीच उमटत नाही.

दुसरा समज उलट्या बाजूचा. काहींना वाटतं की सेव्ह केलं काय आणि न केलं काय, फरक फक्त यादी वाढण्याचा. तो फरक त्याहून मोठा आहे, आणि तुमच्या भाचीच्या सल्ल्याचं खरं मोल इथे आहे. व्हॉट्सॲपच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये प्रोफाइलचा फोटो ‘फक्त माझ्या संपर्कातल्यांना’ दिसावा असं ठरवता येतं. हे संपर्कातले म्हणजे कोण? ज्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह आहेत ते सगळे. ‘झेरॉक्स 2’ हा तुमच्या बहिणीइतकाच संपर्कातला! तुम्ही नातवाबरोबरचा फोटो फक्त आपल्या माणसांसाठी म्हणून ठेवला असेल, तर तो त्या दुकानदारांनाही दिसतो. स्टेटसचंही जवळपास तसंच आहे. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह केला असेल आणि त्यांनीही तुमचा केला असेल, तर तुमच्या घरच्या बारशाचे फोटो त्यांच्या फोनवर पोचतात. दुकानदार सज्जन आहेत, प्रश्न तो नाही. पण एका कागदाच्या कामासाठी आपण त्यांना आपल्या घरच्या मंडळींत बसवलेलं असतं आणि हे आपल्या गावीही नसतं. म्हणून जुन्या ‘झेरॉक्स’ नावांपैकी ज्यांच्याकडे आता जाणं होत नाही ती काढून टाकावीत, असं मी सुचवेन. नाव काढलं तरी जुनं चॅट तसंच राहतं, फक्त नावाच्या जागी नंबर दिसतो.

एक धोका मात्र लिंक देणाऱ्याच्या बाजूने येऊ शकतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या लिंकमध्ये नंबर उघड दिसतो. दुसऱ्याने पाठवलेल्या लिंकमध्ये तो कधीकधी दिसत नाही. व्यावसायिकांना व्हॉट्सॲप `wa.me/message/` अशी सुरुवात असलेली छोटी लिंक बनवून देतं आणि तिच्यात आकड्यांऐवजी अक्षरांचा संकेत असतो. ती खोटी असते असं नाही, पण चॅट उघडेपर्यंत नंबर कळत नाही. म्हणून उघडल्यावर वर कोणता नंबर आला ते पाहूनच बोलावं. चॅट उघडायला कोणतीही लिंक तुमच्याकडे सहा आकडी कोड, बँकेचा तपशील किंवा पासवर्ड मागत नाही. मागितला तर ती चॅटची लिंक नव्हेच. पान तिथल्या तिथे बंद करावं.

तुमच्या पत्रात नाही, पण हे वाचून पुढचा प्रश्न नक्की येईल म्हणून सांगतो : परदेशातल्या नंबराचं काय? दुबईच्या एखाद्या भाच्याने आपला नंबर 050 ने सुरू करून सांगितला, तर तिथला शून्यही आपल्या शून्यासारखाच देशांतर्गत असतो. तो काढायचा आणि संयुक्त अरब अमिरातीचा 971 लावायचा. म्हणजे लिंक `wa.me/97150` अशी सुरू होते आणि पुढे उरलेले सात आकडे येतात. पुण्यातल्या एखाद्या दुकानाने 020 ने सुरू होणाऱ्या जुन्या टेलिफोन नंबरावर व्यवसायाचं व्हॉट्सॲप घेतलं असेल, आणि तसं घेता येतं, तर तिथेही हेच सूत्र. शून्य गाळून `wa.me/9120` आणि पुढे आठ आकडे.

तुमच्या दुकानदारांनाही ही लिंक उपयोगी पडेल, त्यांना जरूर सांगा. लिंकच्या शेवटी एक वाक्य जोडता येतं. गिऱ्हाइकाने लिंक उघडली की ते वाक्य चॅटच्या रकान्यात आयतं येतं. ते आपोआप जात नाही, पाठवायचं बटण गिऱ्हाइकानेच दाबायचं असतं. त्यामुळे ‘लिंकवर बोट लागलं आणि निरोप गेला’ अशी भीती बाळगायचं कारण नाही. वाक्य जोडायची रीत अशी :

```
https://wa.me/9198XXXXXXXX?text=Print%20pahije
```

इथे दोन शब्दांच्या मध्ये `%20` आहे, त्याचा अर्थ मोकळी जागा. लिंकमध्ये खरी मोकळी जागा चालत नाही. ती आली, की फोनला वाटतं लिंक संपली, आणि पुढचे शब्द लिंकबाहेर पडतात. असंच एक फसवं चिन्ह म्हणजे `&`. कोणी ‘प्रिंट & लॅमिनेशन’ असं लिहिलं तर गिऱ्हाइकाला फक्त ‘प्रिंट’ दिसतं, कारण लिंकच्या भाषेत `&` म्हणजे इथून दुसरी गोष्ट सुरू. त्याऐवजी `%26` लिहावं, किंवा सरळ ‘आणि’ लिहावं, ते अधिक चांगलं.

मराठी वाक्यही जोडता येतं. फक्त ते लिंकमध्ये गेल्यावर ओळखू येत नाही आणि लोक घाबरतात. एकटा ‘न’ तिथे असा दिसतो :

```
%E0%A4%A8
```

एका अक्षरासाठी नऊ चिन्हं. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना आणि र असे सात घटक आहेत, म्हणजे एका नमस्काराला त्रेसष्ट चिन्हं लागतात. लिंक लांबलचक आणि विचित्र दिसली तरी त्यात बिघाड काही नाही, चॅटमध्ये वाक्य शुद्ध मराठीतच उमटतं. तरी भिंतीवर हाताने लिहायची असेल तर वाक्य न जोडलेली छोटी लिंकच बरी. वाक्यासकट हवी असेल तर तिचा चौकटीचा क्यूआर कोड करून काउंटरवर चिकटवावा. गिऱ्हाइकाने कॅमेरा धरला की चॅट उघडतं, 91 विसरायचा प्रश्न राहत नाही आणि आकडा चुकायचाही नाही. तुमच्यासारख्या कितीतरी जणींची खटपट त्या एका चिकटवलेल्या कागदाने वाचेल.

राहता राहिली एक सोपी वाट. प्रत्येक वेळी ब्राउझरमध्ये जाणं कंटाळवाणं वाटलं तर व्हॉट्सॲपमध्ये स्वतःला निरोप पाठवायची सोय आहे. नव्या चॅटच्या यादीत तुमचा स्वतःचा नंबर दिसतो, तिथे ही लिंक लिहून स्वतःलाच पाठवा आणि तिच्यावर बोट ठेवा. नेहमीच्या दुकानाची लिंक तिथेच राहते, पुढच्या वेळी पुन्हा लिहायला नको. यासाठी वेगळं ॲप उतरवून घ्यायची मुळीच गरज नाही. ‘सेव्ह न करता चॅट करा’ असं सांगणारी जी ॲप दिसतात, त्यांतली बरीचशी आतून हीच लिंक तयार करतात. दहा आकड्यांच्या आधी 91 लावायला आपण आपली संपर्कयादी परक्या ॲपच्या हाती का द्यावी?

एक गैरसोय आहे, तीही माहीत असावी. सेव्ह न केलेलं चॅट महिन्याभराने शोधायला गेलात तर नावाने सापडत नाही. नंबराचे शेवटचे चार आकडे किंवा निरोपातला एखादा शब्द टाकून शोधावं लागतं. म्हणून पहिल्याच निरोपात ‘झेरॉक्स’ हा शब्द लिहून ठेवलात, तर तोच पुढे शोधायला कामी येईल. ज्यांच्याशी वारंवार काम पडतं, त्या गॅसवाल्यांचा किंवा डॉक्टरांचा नंबर मात्र सेव्हच असू द्या. अडीअडचणीला यादीत नाव असलेलंच बरं.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की आधी 91 लावून पाहा. तरीही चॅट उघडलं नाही, तर स्क्रीनवर आलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवून मला पाठवा.